प्रश्नचिन्हासकट

आमच्या खात्यात ३१ मे हा निरोपांचा दिवस. मागच्या पिढीत बऱ्याच घरी मुलाची जन्मतारीख कुणाला आठवत नसे, मग शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी जिल्ह्यातल्या प्रत्येक कचेरीत शाल, श्रीफळ आणि सामोसे असतात, आणि साहेबांना एका संध्याकाळी चार ठिकाणी तेच भाषण करावं लागतं. आमच्या मॅडमही कागदोपत्री १ जूनच्याच. ३१ मे २०१९, शुक्रवार, पावणेपाचची वेळ. बाहेर यार्डातल्या खडीवरून अजून झळा येत होत्या.

कार्यक्रम सभागृहात नव्हता. मॅडमनीच सांगितलं होतं की कंट्रोल रूममध्ये करा, कारण शिफ्टच्या ऑपरेटरला खुर्ची सोडता येत नाही आणि तो नसेल तर मी बोलणार नाही. १३२ केव्हीचं आमचं उपकेंद्र, दोन मोठे ट्रान्सफॉर्मर, तिथून ३३ केव्हीचे फीडर गावांकडे आणि कारखान्यांकडे जातात. पॅनेलच्या रांगेसमोर पंचवीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती. मॅडमच्या हातात चार इंची पीव्हीसी पाइप होता, दोन्ही टोकांना टोपणं लावलेला. नवीन आलेल्या एका मुलीने मला हळूच विचारलं, "सर, हे गिफ्ट आहे का?"

मी 'नाही' म्हणालो. पण ते गिफ्टच होतं, आणि ते माझ्यासाठी होतं.

त्या पाइपात उपकेंद्राची एसएलडी होती, म्हणजे सिंगल लाईन डायग्राम. वीज तीन तारांमधून वाहते, पण तीनही तारा काढत बसलं तर कागदावर जाळं होईल. म्हणून तिघींसाठी एकच रेघ काढायची, हे तिच्या नावाचं कारण. चौकोन म्हणजे ब्रेकर, तिरकी फट म्हणजे आयसोलेटर, एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ब्रेकर चालू प्रवाह तोडतो. आयसोलेटरने तो तोडायचा नसतो. ब्रेकर उघडल्यावर डोळ्यांना दिसेल अशी फट पाडणं एवढंच त्याचं काम. काम करणारा माणूस त्या फटीवर जीव ठेवून खांबावर चढतो. कुठली फट कुठे आहे आणि ती उघडल्यावर नेमका कुठला तुकडा मेला, हे ज्या कागदावरून ठरतं तो कागद मॅडमनी बत्तीस वर्षं सांभाळला होता. आधी ट्रेसिंगवर शाईच्या पेनाने, मग कॉम्प्युटरवर. ट्रेसिंग मात्र त्यांनी टाकलं नाही.

त्यांचं भाषण मी इथे आठवेल तसं देतो आहे. शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील, मुद्दे नाहीत. त्यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे माझ्या अंगावर आल्या, म्हणून त्या पक्क्या लक्षात आहेत.

"मला नमस्कार-चमत्कार जमत नाहीत," मॅडमनी सुरुवात केली. "बारा मिनिटं बोलते, मग सामोसे खा. हा पाइप मी याच्या हातात देणार आहे." इथे त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पण देण्याआधी त्यात काय चुका होत्या ते सगळ्यांसमोर सांगायचंय. नंतर हा म्हणायला नको की मॅडमनी सांगितलं नाही.

"मी १९८६ ला लागले. इथे बायकांसाठी बाथरूम नव्हतं, ते १९९१ ला झालं. ते सोडा. १९८७ च्या उन्हाळ्यात मला सांगितलं, कंत्राटदाराने दिलेली एसएलडी जुनी झालीय, नव्याने काढ. मी आठ दिवस टेबलावर बसून सुंदर एसएलडी काढली. कंत्राटदाराच्या कागदावरून माझ्या कागदावर. अक्षर माझं चांगलं होतं. मग आमचे ऑपरेटर मामा, तुमच्यातल्या थोड्यांनी त्यांना पाहिलंय, ते आले आणि म्हणाले, 'पोरी, स्टेशन ट्रान्सफॉर्मर कुठं दाखवलायस?' मी म्हटलं, आयसोलेटरच्या पुढे, फीडरच्या बाजूला. ते म्हणाले, 'चल.'

"स्टेशन ट्रान्सफॉर्मर म्हणजे आपल्या स्वतःच्या दिव्यापंख्यांचा, बॅटरी चार्जरचा. मामांनी मला दुपारी दोन वाजता यार्डात नेलं. हातात वेताची काठी. ती उंच धरत नव्हते, सावलीवर धरायचे. जमिनीवर तारेची सावली पडलेली, तिच्यावरून काठी फिरवत चालायचे. 'ही बस. ही इथून उतरली. आता बघ, जंपर कुठं लागलाय?' जंपर आयसोलेटरच्या अलीकडे लागला होता, बसच्या बाजूला. कागदावर पलीकडे, जागेवर अलीकडे. म्हणजे माझ्या कागदावर विश्वासून कुणी आयसोलेटर उघडला असता आणि स्टेशन ट्रान्सफॉर्मरवर चढला असता, तर त्याच्या डोळ्यांना फट दिसली असती आणि हाताला ३३ केव्ही लागलं असतं.

"मामा सातवी शिकलेले. त्यांनी मला ओरडून काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की कागद कागदावरून काढायचा नसतो. त्या दिवसापासून दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, मी कागद घेऊन सगळं यार्ड चालते. दुपारीच. सावली नीट पडते म्हणून."

इथे पाच वाजले. ऑपरेटर उठला, प्रत्येक पॅनेलपुढे जाऊन त्याने तासाचं रीडिंग घेतलं आणि लॉगशीट भरलं. मॅडम थांबल्या, आम्हीही थांबलो. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांचे अजून दोन निरोप बाकी होते. तो बसल्यावर मॅडमनी तिथूनच पुढे चालू केलं.

"आता माझी स्वतःची चूक. आर अकरा. वहीत आहे."

वहीबद्दल सांगायला हवं. एसएलडीच्या कोपऱ्यात सुधारणांचा तक्ता असतो: आर शून्य, आर एक, आर दोन, पुढे तारीख आणि 'फीडर वाढवला' वगैरे एक ओळ. मॅडमनी त्याला जोड म्हणून एक दोनशेपानी वही ठेवली होती. बदल का केला, चूक कुणाला दिसली, कशी दिसली, हे तिच्यात. तक्त्यात जे एका ओळीत आहे त्याला वहीत कधी चार पानं आहेत.

"२००४ साल," मॅडम म्हणाल्या. "३३ केव्हीच्या बसचे आपल्याकडे दोन भाग, एक आणि दोन, मध्ये कपलर. प्रत्येक भागाला आपापला पीटी. पीटी काय करतो ते ऑफिसमधल्यांसाठी सांगते: ३३ हजार व्होल्ट मीटरला देता येत नाहीत, म्हणून तो त्याचे ११० करून कंट्रोल रूमला पाठवतो. तीनशे पट कमी. आपण सगळे त्याला मोजमापाचं साधन समजतो. पण तो ट्रान्सफॉर्मर आहे. खालून ११० दिले तर तो वर ३३ हजार करणार. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की तू फक्त एकाच दिशेने काम कर.

"आपण भाग एक बंद घेतला, इन्सुलेटर बदलायला. ट्रान्सफॉर्मरकडचा ब्रेकर उघडला, आयसोलेटर उघडले, कपलर उघडला, त्याचे दोन्ही आयसोलेटर उघडले. फटी मी स्वतः मोजल्या. एसएलडीवर बोट ठेवून मोजल्या. भाग एकला येणारा एकही रस्ता राहिला नव्हता. परमिट दिलं. एक कंत्राटी हेल्पर होता, बावीस वर्षांचा, त्याच्या हातात डिटेक्टर. अर्थ रॉड टाकायच्या आधी त्याने डिटेक्टर लावला आणि तो वाजला.

"वरून कुणीतरी ओरडलं, 'इंडक्शन आहे रे, शेजारून १३२ ची लाईन जाते, टाक रॉड.' आणि खरंच, इंडक्शनने डिटेक्टर वाजतो, हे तुम्ही सगळे जाणता. तो पोरगा टाकेना. खाली उतरला, चालू भागावर डिटेक्टर लावून बघितला, वाजला. परत बंद भागावर लावला, वाजला, आणि तेवढाच जोरात. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, 'मॅडम, मला इंडक्शन-बिंडक्शन कळत नाय, पण हे वाजतंय.' सगळे हसले. मीसुद्धा थोडी हसले. ते मला अजून आठवतं.

"मी आत आले. या इथे, याच पॅनेलवर. भाग एकच्या व्होल्टमीटरवर ३३. आम्ही सगळ्यांनी तो सकाळपासून पाहिला होता. पण भाग एक बंद घेतला की पीटी सिलेक्टर दोनवर टाकायचा, म्हणजे रिले आणि मीटरना दुसऱ्या पीटीवरून व्होल्टेज मिळत राहतं. त्यामुळे तिथे ३३ दिसणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. खरं उत्तर डोळ्यांसमोर होतं आणि त्याला आमच्याकडे चुकीचं कारण तयार होतं.

"मी पीटी एकचे सेकंडरी फ्यूज ओढले. बाहेर हाक मारली, 'लाव पुन्हा.' डिटेक्टर गप्प. इंडक्शन असतं तर कंट्रोल रूममधला फ्यूज काढून ते थांबलं नसतं.

"तीन महिन्यांपूर्वी पॅनेलं बदलली होती. नवीन मीटरला व्होल्टेज देताना एक वायर सिलेक्टरच्या आधीच्या टर्मिनलवरून घेतली होती आणि तिची जोड सिलेक्टरच्या नंतरच्या टर्मिनलला राहिली होती. सिलेक्टर एकवर असेपर्यंत काहीच कळत नाही, दोन्ही टोकांना तेच ११०. दोनवर टाकला की पीटी दोनचे ११० त्या वायरीतून पीटी एकला खालून मिळतात, आणि बंद बसवर ३३ हजार उभे राहतात. पीटीची ताकद किती? काहीशे व्हीए. मोटर फिरणार नाही त्याच्यावर. पण माणूस मरायला मोटर फिरावी लागत नाही.

"आणि त्या पॅनेलांचं ड्रॉइंग माझ्या टेबलावरून गेलं होतं. मी वाचलं, सही केली, आणि एसएलडीवर काही घेतलं नाही. कारण सेकंडरी वायरिंग एसएलडीवर दाखवत नाहीत. पुस्तकात तसंच आहे. मग मी आर अकरामध्ये दोन पीटींच्या मध्ये एक तुटक रेघ काढली, सिलेक्टर आणि फ्यूजसकट. वरिष्ठांनी कागद परत पाठवला: 'हे एसएलडीवर येत नाही.' मी पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा सहीसाठी पाठवलाच नाही, भिंतीवर लावून टाकला. ती रेघ तिथे आहे. आता तर मी रिटायर झाले, कारवाई करून काय करणार?"

हशा झाला. साहेबही हसले.

"बघा, एसएलडी आपण वरून खाली वाचतो. वर १३२, मग ट्रान्सफॉर्मर, मग बस, खाली फीडर आणि फीडरच्या टोकाला बाण. बाण खाली काढलाय म्हणून वीज खालीच जाते असं वाटायला लागतं. माझ्या सगळ्या चुका या एकाच सवयीतल्या. त्या पोराचं नाव वहीत आहे. चौकशीच्या अहवालात 'कर्मचाऱ्यांच्या सतर्कतेमुळे' असं आलं. पुढच्या वर्षी कंत्राट बदललं आणि तो गेला, कुठे ते मला सापडलं नाही. दुसऱ्या कुठल्या कागदावर त्याचं नाव नाही, म्हणून वही सांभाळायची."

मग त्या माझ्याकडे वळल्या. आतापर्यंत सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत होत्या, इथे एकदम घरच्यासारख्या झाल्या.

"इकडे ये. धर. यात आर अठरा आहे. पाचव्या बेच्या खाली पेन्सिलचं एक प्रश्नचिन्ह आहे, ते पुसू नकोस. तिथून एक जुनी केबल जमिनीत उतरते, बंद पडलेल्या कारखान्याकडे. कारखाना २००० सालापासून बंद आहे. पलीकडचं टोक कापलंय, का तसंच जोडलेलं आहे, मला माहीत नाही. फाईल सापडत नाही, गेटच्या आत कुणी जाऊ देत नाही. आपल्या बाजूने आयसोलेटर उघडा आहे, कुलूप आहे, अर्थ केलेलं आहे. तुला कुणी म्हणेल, बंदच आहे ती, डायग्राम स्वच्छ दिसू दे. ऐकू नकोस. स्वतः टोक बघितल्याशिवाय पुसू नकोस. आणि लवकर चालायला लाग यार्डात, मी आता येणार नाही सांगायला. झालं माझं."

साडेपाचला सामोसे संपले होते. मॅडम रिक्षाने घरी गेल्या. गाडी सोडायला येते म्हटलं तर नको म्हणाल्या.

माझ्यावर त्यांचं ऋण आहे हे मी त्या दिवशी म्हणालो असतो, पण ते सभ्यतेचं म्हणणं झालं असतं. खरं सांगायचं तर मला तो पाइप थोडा जड झाला होता. मी कॅडमध्ये वाढलेला माणूस. ट्रेसिंग, पेन्सिल, वही हे मला हौसेचं वाटायचं. पहिल्या वर्षी मी यार्ड चाललो नाही. लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात माणसं कमी होती, शिफ्टमध्ये अडकून पडलो होतो, तेव्हा वेळ जावा म्हणून एका दुपारी कागद घेऊन निघालो. सावल्यांवरून. दोन चुका सापडल्या. एक साधी होती: एका फीडरचं नाव गावावरून बदलून औद्योगिक वसाहतीवर गेलं होतं, बोर्डवर नवीन, कागदावर जुनं. वाचायला क्षुल्लक वाटेल. पण परमिट फोनवर नावाने मागतात, आणि जुनं नाव तोवर दुसऱ्याच फीडरला दिलेलं होतं. दुसरी चूक माझीच होती, आर एकोणीसमधली. ती वहीत आहे, इथे लिहीत नाही.

प्रश्नचिन्हाचं उत्तर २०२१ मध्ये मिळालं. कारखान्याची जागा विकली गेली. नव्या मालकाने जागा ताब्यात घ्यायच्या आधी मी तीनदा गेटवर गेलो. तिसऱ्या वेळी जुना वॉचमन भेटला, वीस वर्षं तिथेच होता. त्याला केबल म्हटलेलं कळेना. मग मी विचारलं, पूर्वी लाईट कुठून यायची? तो मला मागच्या पत्र्याच्या खोलीत घेऊन गेला. पॅनेल गंजलेलं, दार अर्धं निखळलेलं. आत केबलची तीनही टोकं जागच्या जागी, नटबोल्ट आवळलेले. ब्रेकरचा दांडा चालू स्थितीत. त्या पॅनेलपासून ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या बाजूने चेंजओव्हरकडे गेलेली वायर. चेंजओव्हरच्या दुसऱ्या बाजूला डिझेल जनरेटर.

वॉचमन म्हणाला, "साहेब, परवा नवीन मालकाचा माणूस आला होता. जनरेटर चालू होतो का बघायचं म्हणत होता. बॅटरी नव्हती म्हणून गेला."

चेंजओव्हर नीट असता तर बिघडलं नसतं. जनरेटर आणि लाईन एकत्र येऊ नयेत यासाठीच तो असतो. मी तो हलवून पाहिला. त्याची मधली कडी तुटलेली होती आणि दोन्ही बाजूंचे संपर्क एकाच वेळी टेकत होते. जनरेटर सुरू झाला असता तर ४१५ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढून ३३ हजार झाले असते आणि केबलमधून आमच्या पाचव्या बेपर्यंत आले असते. आमच्या बाजूला अर्थ केलेलं होतं, म्हणून तिथे माणूस वाचला असता. पण त्याच महिन्यात मी त्या बेची जागा नव्या फीडरसाठी मागितली होती. अर्थ काढून केबल कापायची, असा प्रस्ताव माझ्याच सहीने गेला होता. कारणात मी लिहिलं होतं: 'जुनी केबल, बंद.'

प्रस्ताव परत मागवला. आधी पलीकडची टोकं सोडवली, मग अलीकडची, मग केबल कापली. कापायच्या आधी डिटेक्टर चालू लाईनवर तपासला, केबलवर लावला, पुन्हा चालू लाईनवर तपासला.

त्या संध्याकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'शाबास' वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, "वॉचमनचं नाव घेतलंस का?"

घेतलं होतं. आर वीस, वहीचं पान एकशे सव्वीस. ट्रेसिंगवरचं प्रश्नचिन्ह मी पुसलं, पण पेन्सिल दाबून काढलेलं असल्यामुळे कागद उजेडात धरला की ते अजून दिसतं.